पोटाला जेलची सवय कशी लावायची : जानेवारीच्या मुंबई फुलसाठी १२ आठवड्यांचा हिशोब

माझ्या पहिल्या मुंबई फुल मॅरेथॉनला मी ३१ किमीपर्यंत मस्त होतो, आणि मग रस्त्याकडेची रेलिंग धरून ओकलो. पाय ठीक, श्वास ठीक, फक्त पोटाने हात वर केले. नंतर घरी शांतपणे आठवलं तर कारण समोरच होतं. अख्ख्या ट्रेनिंगमध्ये मी पळताना ऊर्जेसाठी गिळायच्या गोड घट्ट जेलची मोजून ३ पाकिटं घेतली होती (एकेक शंभर-सव्वाशे रुपयांचं, दर रविवारी कोण उडवणार), आणि रेसच्या दिवशी मात्र दर अर्ध्या तासाला एक, वर रस्त्यातल्या पाण्याच्या टेबलावर जे रंगीत ड्रिंक दिसेल ते घटाघटा. म्हणजे पायांना ५ महिने तयारी आणि पोटाला थेट परीक्षा.

आता हे सगळं लिहितोय ते साडेचार-पाच तासांत फुल करणाऱ्या आपल्यासारख्या लोकांसाठी. हाफ दोन-सव्वादोन तासांत करत असाल तर १-२ जेलवर भागतं, एवढा खटाटोप नको.

आधी पोटात काय होतं ते

पळताना रक्त पायांकडे जातं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत कातडीकडेही जातं कारण अंग थंड ठेवायचं असतं. पोट-आतड्यांच्या वाट्याला मग थोडंच उरतं, आणि वेग वाढवला की आणखी कमी. अशा वेळी जेल गिळलं की त्याला दोन टप्पे पार करायचे असतात. एक, पोटातून खाली आतड्यात उतरणं. दोन, आतड्यातून रक्तात जाणं. पहिल्या टप्प्याला अडकलं तर ढेकर, मळमळ, पोटात पाणी डुचमळल्याचा आवाज. दुसऱ्या टप्प्याला अडकलं तर खाली मुरडा, गॅस आणि मग रस्त्यावर टॉयलेट शोधत पळणं. हा फरक लक्षात ठेवा कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, पुढे येतो त्यावर.

आतड्यात ग्लुकोज आत घेणारी दारं वेगळी आणि फ्रुक्टोज आत घेणारी वेगळी. नुसतं ग्लुकोज घेतलं (माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या, तेही त्यातच धरा) तर तासाला साधारण ६० ग्रॅमला दार भरून जातं, त्यावरचं आतड्यात पडून राहतं, पाणी ओढून घेतं आणि गोंधळ घालतं. सोबत फ्रुक्टोज असेल तर दुसरं दारही वापरलं जातं आणि सराव असलेल्या माणसाला तासाला ९० ग्रॅमपर्यंत झेपू शकतं. आपल्याला ९० ची गरज नाही, ४५ ते ६० पुष्कळ झाले.

सगळ्यात कामाची गोष्ट ही की ही दारं वापराने वाढतात. रोज कार्ब खाणाऱ्याच्या आतड्यात जास्त, लो-कार्बवाल्याच्या कमी. आणि पोटाला सुद्धा भरलेलं असताना पळायची सवय लागते. मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीत रनर्सना २ आठवडे पळताना मुद्दाम जेल खायला लावून बघितलं, त्यांचा पोटाचा त्रास कमी झाला. म्हणजे हे महिनोन् महिन्यांचं काम नाही, पण रेसच्या आदल्या आठवड्यात उरकण्यासारखंही नाही.

पाकीट उलटं करून वाचा

सुरू करायच्या आधी तुमच्या जेलच्या पाकिटामागे तीन गोष्टी बघा. कार्ब किती ग्रॅम (बहुतेक २० ते २५ असतात, काहींत ३० पर्यंत, पाकिटाच्या एकूण वजनावर जाऊ नका). साखर कुठली, नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन की फ्रुक्टोज पण. आणि कॅफिन आहे का. पुढचे सगळे आकडे मी २३ ग्रॅमच्या जेलचे देतोय, तुमचं वेगळं असेल तर तसा हिशोब करा.

इथेच अजून एक गैरसमज. ओआरएस म्हणजे एनर्जी ड्रिंक नव्हे. लिटरचं ओआरएसचं पाकीट असतं त्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, ते जुलाब झालेल्या माणसाला पाणी आणि मीठ भरून द्यायला बनवलंय. अर्धा लिटर ओआरएस पिऊन "मी फ्यूएल घेतलं" असं समजणारे ग्रुपमध्ये किमान चारजण आहेत. मीठ मिळालं, इंधन नाही.

पाण्याचं गणित, इथेच बहुतेकांचं चुकतं

पोट पातळ गोष्ट लवकर खाली सोडतं आणि घट्ट गोड गोष्ट अडवून ठेवतं. ६ ते ८ टक्के म्हणजे १०० मिलीला ६ ते ८ ग्रॅम साखर, इतपत ठीक जातं. आता २३ ग्रॅमचं जेल घ्या, त्याला त्या पातळीवर आणायला जवळपास ३०० मिली पाणी लागतं. एकदम नाही, पण पुढच्या १५-२० मिनिटांत घोट घोट करून तेवढं जायला हवं. आणि तेच जेल तुम्ही ६ टक्क्यांच्या ३०० मिली ड्रिंकसोबत घेतलंत तर त्या ड्रिंकचे १८ ग्रॅम अधिक जेलचे २३, म्हणजे ४१ ग्रॅम, जवळजवळ १४ टक्के, पातळ पाक झाला की तो. माझं ३१ किमीला जे झालं ते हेच. म्हणून नियम एकच, जेलसोबत साधं पाणी, ड्रिंक घ्यायचं असेल तर त्या वेळेचं जेल नाही.

काही कंपन्यांची जेल मुळातच पातळ बनवलेली असतात, त्यांना पाणी कमी लागतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. पण आपल्याकडच्या घामाला पाणी असंही लागणारच.

पाणी किती, यासाठी एकदा वजनकाटा वापरा. एका तासाच्या रनच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, घाम पुसून वजन करा, १ किलो घटलं म्हणजे साधारण १ लिटर घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. ऑक्टोबरमध्ये ठाण्यात माझं सव्वा लिटर येतं, जानेवारीच्या पहाटे पाऊण. सगळं भरून काढायचं नसतं, अर्ध्या-पाऊणपर्यंत पुरे. रननंतर वजन उलट वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पिताय, आणि ते नुसतं डुचमळण्यापुरतं नाही, रक्तातलं सोडियम पातळ होऊन धोकादायक होऊ शकतं.

महाग वाटतंय? साखर-लिंबू

सुरुवातीच्या आठवड्यांना जेल जाळायची गरजच नाही. ५०० मिली पाणी, ३ सपाट टेबलस्पून साखर (साधारण ३७ ग्रॅम), पाव टीस्पूनच्या अर्धं मीठ, अर्धं लिंबू. साडेसात टक्के होतं, बरोबर. आपली घरातली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, त्यामुळे दोन्ही दारांना सराव मिळतो. नुसत्या ग्लुकोज पावडरीत तो मिळत नाही. गुळाचं पाणी पण चालतं, पण गुळाची गोडी दर ढेपेला वेगळी, मोजायला त्रास. खजूर लोक सुचवतात, मला स्वतःला नाही जमत, फायबर असतं आणि पळताना चावणं म्हणजे ठसका.

आठवडे

मुंबईची रेस जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे १२ आठवडे मागे गेलं की ऑक्टोबरचा शेवट, दिवाळीच्या आसपास. सराव आठवड्यातून दोनदा, रविवारची लॉन्ग रन आणि मधला एखादा तासाभराचा सोपा रन. मधला विसरू नका, पोटाला आठवड्यातून एकदाच आठवण करून दिली तर ते विसरतं.

पहिले २ आठवडे फक्त पाणी आणि वेळ. दर २० मिनिटांनी १५० मिली, तहान लागो न लागो, घड्याळावर गजर लावून. ऐकायला फालतू वाटेल पण बहुतेक लोकांना पोटात पाणी असताना पळायचीच सवय नसते. तासाभराच्या रनला साखर-लिंबूची अर्धी बाटली. याच काळात एखादा सोपा रन नाश्त्यानंतर दीड तासाने करून बघा, उपाशीपोटी पळणारे यातच सगळ्यात जास्त कुरकुरतात आणि त्यांनाच याची सगळ्यात जास्त गरज असते.

तिसरा-चौथा आठवडा, जेल सुरू. पहिलं ४० मिनिटांना, मग दर ४० मिनिटांनी. ताशी ३५ ग्रॅमच्या आसपास पडतं. जेल एका दमात पिळून टाकायचं नाही, ३-४ मिनिटांत तीन घासांत, आणि मग पाणी. पाचवा-सहावा, दर ३० मिनिटांनी, ताशी ४६. सातवा-आठवा, दर २५ मिनिटांनी, ताशी ५५. इथे थांबा. यापुढे जायचं असेल तर जेल मिक्स साखरेचंच हवं आणि तुमचा वेग तसा हवा, पाच तासांच्या रनरला ८० ग्रॅम कोंबून काही मिळत नाही, फक्त खर्च वाढतो.

नववा आठवडा रंगीत तालीम. ३० किमी, शेवटचे १० रेसच्या वेगाने, रेसच्याच कपड्यांत, त्याच कंपनीचं त्याच चवीचं जेल, तोच नाश्ता त्याच वेळी. मुंबईची फुल पहाटे सुटते म्हणजे नाश्ता अडीच-तीनला, तर तालमीच्या दिवशी पण अडीचला उठायचं, घरचे काय म्हणतील ते म्हणोत. वेगाचं महत्त्व यासाठी की आरामात पळताना पचलेलं जेल रेसच्या वेगाला पचेलच असं नाही. त्यानंतरचे ३ आठवडे मायलेज उतरतं पण मधल्या रनला एखादं जेल चालू ठेवायचं.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? प्रत्येक रननंतर तासाभरात पोटाला १० पैकी त्रासाचे मार्क द्या आणि लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी माणूस विसरतो. ३ किंवा कमी असेल तर पुढे. ४ ते ६ असेल तर तोच आठवडा परत. ७ किंवा वर असेल तर एक पायरी मागे आणि एकच गोष्ट बदला. एकच. जेल पण बदललं, नाश्ता पण बदलला, वेग पण कमी केला तर दोष कोणाचा होता ते कधीच कळणार नाही.

एक केस

आमच्या ग्रुपमधली एक ताई, टार्गेट ५ तास, हिचं रडगाणं असं की दर लॉन्ग रनला १८ किमीच्या आसपास मुरडा येतो. मला म्हणाली, "दादा, मला जेल सूटच होत नाहीत, मी सोडून देते." मी म्हटलं, आधी वही दाखव. वही नव्हतीच, मग तीन रविवार लिहायला लावलं.

तीन रविवारांत जे दिसलं ते असं. शनिवारी रात्री घरी मटकीची उसळ किंवा बाहेर पावभाजी. पहाटे मोठा कप दुधाचा चहा. जेल कॅफिनवालं, कारण दुकानदाराने तेच पुढे केलं होतं. आणि त्रास वरचा नाही, खालचा, म्हणजे ढेकर-मळमळ काही नाही, सरळ मुरडा. खालचा त्रास असला की माझा पहिला संशय घट्टपणावर नाही, फायबर, दूध, कॅफिन आणि फ्रुक्टोजवर जातो.

पहिल्या रविवारी फक्त शनिवारचं जेवण बदललं, उसळीऐवजी पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर नाही. ७ वरून ५ वर आलं. पुढच्या रविवारी दुधाचा चहा बंद, कोरा चहा अर्धा कप, सोबत २ ब्रेड आणि जॅम. ४. तिसऱ्या रविवारी जेल तेवढंच पण बिनकॅफिनचं. २. म्हणजे जेल तिला चांगलं सूट होत होतं, तिच्या पोटात आधीच मंडई भरलेली असायची. मग तिला चौथ्या आठवड्याच्या पायरीवरून वर चढवत नेलं, ५५ ला मात्र दोनदा ६ मार्क आले, तेव्हा ४६ वर ठेवलं आणि रेसला तिने तेवढ्यावरच केलं. सगळ्यांनी ५५ ला पोचायलाच हवं असं काही नाही.

वरचा त्रास असता तर मी वेगळं केलं असतं. आधी पाणी पुरेसं जातंय का ते बघायचं, मग जेल अर्धं अर्धं करून दर १२-१३ मिनिटांनी (एकूण तेवढंच जातं पण पोटावर एकदम बोजा पडत नाही), आणि तरी मळमळ राहिली तर वेग. खूपदा दोष जेलचा नसतो, माणूस सुरुवातीलाच अंगापेक्षा जोरात सुटलेला असतो.

आणि रेसच्या आधी "सांधे दुखू नयेत म्हणून" पेनकिलर घेणारे बरेच आहेत, आयबुप्रोफेन वगैरे. पळताना आतड्याचं अस्तर आधीच ताणाखाली असतं, त्यात ही गोळी त्याला अजून त्रास देते, आणि पाणी कमी असेल तर किडनीवर पण ताण येतो. नका घेऊ.

रेसच्या दिवशी

साडेचार तासांचा हिशोब मांडतो. पहिलं जेल ३० व्या मिनिटाला, मग दर २५ मिनिटांनी, शेवटचं ३ तास ५० ला. एकूण ९ जेल, २०७ ग्रॅम. ९ पाकिटं पट्ट्यात कोंबली की धावताना डुगडुगतात, म्हणून मी ५ जेल आधीच २५० मिलीच्या मऊ फ्लास्कमध्ये पिळून थोडं पाणी घालून हलवून घेतो, फ्लास्कवर मार्करने ५ रेघा, आणि ४ पाकिटं खिशात. फ्लास्कमधल्याला पण वर पाणी लागतंच हं, ते पातळ दिसतं म्हणून फसू नका.

टेबल लांबून दिसलं की तेव्हा जेल उघडायचं, आणि टेबलावर पाणी. उलट केलं तर तोंडात चिकट जेल आणि पाणी २ किमीवर. रेसमध्ये कुठलं ड्रिंक ठेवणार आहेत ते आधी शोधून काढा, ट्रेनिंगमध्ये २-३ वेळा प्यायलं असेल तरच हात लावायचा. ३० किमीनंतर पेडर रोडचा चढ येतो, चढावर श्वास वाढतो आणि पोटाचं रक्त अजून कमी होतं, म्हणून त्या भागातलं जेल चढाच्या १० मिनिटं आधी सपाटीवर उरकायचं. चढावर नुसतं पाणी, तेही घोटभर.

तरीही बिघडलंच तर हिरोगिरी नको. मळमळ सुरू झाली की चालायला लागा, १०-१५ मिनिटं जेल बंद, साध्या पाण्याचे छोटे घोट, डोक्यावर पाणी. अंग थंड झालं आणि वेग उतरला की पोट बहुतेक वेळा परत चालू होतं. मग अर्धं जेल, भरपूर पाण्यासोबत. पोट अजिबातच घेत नसेल तर गोड ड्रिंक तोंडात ५-१० सेकंद खुळखुळवून थुंकून टाका. वेडेपणा वाटतो, पण तोंडाला साखर कळली की मेंदू पायांना थोडी ढील देतो. पोटाला काहीच मिळत नाही हे खरं, त्यामुळे त्यावर शेवटचे १५ किमी निघणार नाहीत, ३-४ निघतील.

चुकलेलं जेल भरून काढायला पुढच्या वेळी दोन घेऊ नका. गेलं ते गेलं.

हे सगळं निरोगी माणसाचं आहे. डायबेटिस असेल तर जेलचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. आणि शौचाला रक्त किंवा काळं डांबरासारखं पडलं, रननंतर काही तासांनीही उलट्या थांबत नाहीत, लघवी गडद तपकिरी आली, किंवा न पळता सुद्धा पोट आठवडेच्या आठवडे बिघडलेलं आहे, तर वही बंद करा आणि सरळ दवाखान्यात जा.